एका तासाला किती सलाईन?

मधुमेहाच्या कीटोअ‍ॅसिडोसिसमुळे अत्यवस्थ झालेले मूल रुग्णालयात दाखल होते. सलाईन लागते, इन्सुलिन सुरू होते, रक्तातली साखर तासातासाला उतरू लागते. मूल डोळे उघडून आईकडे पाणी मागते आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. मग सहाव्या-सातव्या तासाला ते म्हणते, "डोकं दुखतंय." थांबलेली उलटी पुन्हा होते. ते गुंगीत जाते आणि मॉनिटरवर नाडीचे ठोके मंदावू लागतात. अनुभवी परिचारिका अशा वेळी पुढच्या राउंडची वाट पाहत नाही, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलावते. रक्ताचे रिपोर्ट एकीकडे सुधारत असताना त्या मुलाच्या मेंदूला सूज येत असू शकते, हे तिला ठाऊक असते.

हे फार वेळा घडत नाही. कीटोअ‍ॅसिडोसिस झालेल्या शंभर मुलांमागे जेमतेम एकाला, नेमके सांगायचे तर 0.5 ते 0.9 टक्के मुलांना, अशी उघड लक्षणे देणारी सूज येते. पण ज्यांना येते, त्यांच्यापैकी साधारण पाचातले एक मूल दगावते आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या मेंदूला कायमची इजा राहते. कीटोअ‍ॅसिडोसिसमुळे मुलांचे जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक या सुजेमुळेच होतात. मोठ्या माणसांत हा प्रकार अगदी विरळा. म्हणूनच मोठ्यांना याच आजारात डॉक्टर पहिल्या तासात लिटरभर सलाईन देताना कचरत नाहीत आणि मुलांच्या वॉर्डात मात्र कॅल्क्युलेटर हाती घेतल्याशिवाय बाटली लागत नाही.

मुळात हे दुखणे होते ते इन्सुलिन नसल्यामुळे. टाइप 1 मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. रक्तात साखर भरपूर असते, पण इन्सुलिनवाचून ती पेशींच्या उपयोगी पडत नाही. भुकेल्या शरीराला मग चरबी जाळावी लागते आणि त्या जळण्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात. ती साठत गेली की रक्त आम्लधर्मी होते. तिकडे वाढलेली साखर मूत्रपिंडातून लघवीत उतरते आणि जाताना पाणी, सोडियम, पोटॅशियम असे सगळे सोबत घेऊन जाते. मूल ढसाढसा पाणी पिते, तासातासाला लघवीला जाते, तरी सुकतच जाते. आम्ल बाहेर टाकण्यासाठी त्याचा श्वास खोल आणि जोरात चालतो. श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, पोटात दुखते, उलट्या होतात. साखर 200 च्या वर, रक्ताचा पीएच 7.3 च्या खाली आणि कीटोन वाढलेले, या तीन गोष्टी जुळल्या की निदान पक्के होते. पीएच 7.1 च्याही खाली गेला तर आजार तीव्र समजतात.

म्हणजे हे मूल सुकलेले असते आणि त्याला पाणी हवेच असते. प्रश्न उरतो तो किती आणि किती वेगाने द्यायचे, एवढाच. या एवढ्याशा प्रश्नावर बालरोगतज्ज्ञांनी कित्येक दशके वाद घातला आहे.

इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला दिले गेले. त्याआधी कीटोअ‍ॅसिडोसिस झालेले मूल वाचत नसे, त्यामुळे उपचारादरम्यान काय बिघडते हा प्रश्नच नव्हता. मुले वाचू लागली तेव्हा तो पुढे आला. 1936 मध्ये डिलन, रिग्ज आणि डायर या अमेरिकी डॉक्टरांनी अशा आजारात दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या बदलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 1967 मध्ये उपचार चालू असताना कोमात गेलेल्या आणि परत शुद्धीवर न आलेल्या रुग्णांचा अहवाल आला. साखर उतरत होती, आम्ल कमी होत होते, तरी रुग्ण गेले. मग संशयाची सुई साहजिकच उपचाराकडे वळली.

त्या संशयामागचा तर्क सोपा आहे. साखरेने दाट झालेले रक्त पेशींमधले पाणी ओढून घेते. मेंदूच्या पेशी आकसू नयेत म्हणून स्वतःच्या आत काही विरघळणारे पदार्थ साठवतात आणि बाहेरच्या दाटपणाशी बरोबरी साधतात. आता बाहेरून भराभर पातळ सलाईन ओतले आणि साखर झपाट्याने खाली आणली, तर रक्त पातळ होते, पण पेशींच्या आतला साठा तसाच राहतो. पाण्यात टाकलेल्या मनुका जशा फुगतात, तसे पाणी मेंदूच्या पेशींत शिरते. पोट फुगले तर त्याला पसरायला जागा असते. कवटीच्या आत ती नसते. तिथला दाब वाढतो, मेंदूचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि शेवटी श्वास व हृदय चालवणाऱ्या खालच्या भागावर मेंदू दाबला जातो.

हा तर्क इतका पटण्यासारखा होता की अनेक देशांत सलाईनचा हात आखडता घेतला गेला. ब्रिटनमध्ये तर सुकलेल्या मुलांनाही पहिला जोराचा डोस देताना डॉक्टर घाबरू लागले. पण आकडे नीट तपासले तेव्हा चित्र तर्काइतके सरळ निघाले नाही.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दहा बालरुग्णालयांनी पंधरा वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि 2001 मध्ये निकोल ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मेंदूला सूज आलेली 61 मुले त्यांना सापडली. त्यांची तुलना सूज न आलेल्या, पण त्याच आजारात दाखल झालेल्या मुलांशी केली. सूज आलेल्या मुलांमध्ये दाखल होतानाच रक्तातला युरिया जास्त होता आणि कार्बन डायऑक्साइड खूप कमी होता. म्हणजे ती आधीच जास्त सुकलेली होती आणि आम्ल बाहेर टाकण्यासाठी जास्त जोरात श्वास घेत होती. उपचारांपैकी ठळकपणे दोषी आढळली ती एकच गोष्ट: आम्ल मारण्यासाठी शिरेतून दिलेले बायकार्बोनेट. सलाईनचा वेग आणि इन्सुलिनची मात्रा यांचा स्वतंत्र संबंध त्या अभ्यासात दिसला नाही. काही वर्षांनी ब्रिटनमधल्या अभ्यासात मात्र पहिल्या तासातच इन्सुलिन सुरू केलेली आणि पहिल्या चार तासांत जास्त द्रव मिळालेली मुले अधिक प्रमाणात सुजेच्या गटात आढळली.

दोन चांगले अभ्यास आणि दोन वेगळी उत्तरे. यातली अडचण अशी की जुन्या नोंदी चाळून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. जे मूल जास्त आजारी, त्याला डॉक्टर जास्त सलाईन देतात. आणि जे जास्त आजारी, त्यालाच सूज येण्याचा धोका जास्त. मग दोष सलाईनचा की आजाराचा? शिवाय काही मुलांना सलाईनचा एक थेंबही मिळण्याआधी सूज आलेली आढळली होती. त्यांचा खुलासा जुन्या तर्काने होत नव्हता.

त्यातून दुसरी मांडणी पुढे आली. सुकलेल्या शरीरात मेंदूला रक्त कमी पोचते. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. म्हणजे मूल दवाखान्याच्या दारात पोचते तेव्हाच त्याचा मेंदू अर्धपोटी असतो. उपचार सुरू झाल्यावर रक्त पुन्हा जोमाने वाहू लागते आणि आधीच दुखावलेल्या, झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांतून पाणी मेंदूत पाझरते. लहान मुलांच्या मेंदूला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून पाच वर्षांखालची मुले अधिक धोक्यात. या मांडणीप्रमाणे पाहिले तर सलाईन फार हात राखून देणे हेही घातकच, कारण मेंदूची उपासमार तेवढी लांबते.

या वादाचा निकाल नोंदी चाळून लागणार नव्हता. अमेरिकेतल्या तेरा रुग्णालयांनी 2011 पासून थेट चाचणीच हाती घेतली. नेथन कुपरमन आणि ग्लेझर यांच्या पुढाकाराने कीटोअ‍ॅसिडोसिसचे 1,389 प्रसंग त्यात नोंदले गेले. चिठ्ठी टाकावी तसे मुलांचे गट पाडले. काहींना वेगाने द्रव दिले, काहींना हळू. त्यातही काहींना नेहमीचे 0.9 टक्के मिठाचे सलाईन, काहींना निम्म्या ताकदीचे 0.45 टक्क्यांचे. प्रत्येक मुलाची शुद्ध तासातासाला तपासली. निष्कर्ष 2018 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. शुद्ध खालावण्याचे प्रसंग एकूण 48 आणि मेंदूला उघड इजा झाल्याचे 12. चारही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

हा निकाल काहींनी "सलाईन कसेही द्या" असा वाचला. तो तसा अजिबात नाही. चाचणीतला "वेगवान" गटही मोजूनच होता: वजनाच्या दर किलोला 20 मिलीलिटरचा पहिला डोस, नंतर शरीराची तूट दहा टक्के धरून ती 36 तासांत भरून काढायची. बाटली पूर्ण उघडी सोडून तासाभरात संपवण्याचा प्रकार त्यात कुठेच नव्हता. दाखल होतानाच जवळजवळ बेशुद्ध असलेली मुले चाचणीत घेतलेली नव्हती. आणि सहभागी प्रत्येक मुलाशेजारी तासातासाला बघणारे माणूस होते. चाचणीने सिद्ध केले ते इतकेच की मोजून दिलेल्या दोन वेगांमध्ये फरक पडत नाही. तेव्हा सुकलेल्या मुलाला भीतीपोटी तहानलेले ठेवण्याचे कारण उरले नाही. 2020 मध्ये ब्रिटनच्या बालमधुमेह तज्ज्ञांनी आपली जुनी कडक मर्यादा सैल केली, ती याच आधारावर.

आता हे मोजणे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. समजा, आठ वर्षांची, 25 किलो वजनाची एक मुलगी आहे. दोन आठवड्यांपासून तिला तहान लागते आहे, रात्री अंथरूण ओले होते आहे. कालपासून उलट्या, पोटदुखी आणि धाप. साखर 540, सोडियम 132, पीएच 7.05. हातपाय कोमट आहेत, रक्तदाब ठीक आहे, म्हणजे ती शॉकमध्ये नाही. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या 'इस्पॅड' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2022 च्या तत्त्वांनुसार तिला सुरुवातीला किलोमागे 10 ते 20 मिलीलिटर 0.9 टक्के सलाईन वीस-तीस मिनिटांत द्यायचे. 10 धरले तर 250 मिलीलिटर, म्हणजे नेहमीची अर्धी बाटली.

पुढचा हिशेब तुटीचा. वजनाच्या सात टक्के पाणी गेले असे धरतात: 1,750 मिलीलिटर. त्यातून दिलेले 250 वजा केले की उरतात 1,500. ते 24 ते 48 तासांत भरायचे. 48 तास धरले तर तासाला 31 मिलीलिटर. यात रोजची गरज मिळवायची. पहिल्या दहा किलोंना 100 प्रमाणे, पुढच्या दहांना 50 प्रमाणे, त्यापुढच्या प्रत्येक किलोला 20 प्रमाणे मोजले की या मुलीची दिवसाची गरज 1,600 मिलीलिटर भरते, म्हणजे तासाला 67. एकूण झाले तासाला 98 मिलीलिटर. पंप असेल तर त्यावर हा आकडा लावायचा. नसेल तर वीस थेंबांना एक मिलीलिटर देणाऱ्या नेहमीच्या सेटमधून मिनिटाला साधारण 33 थेंब. या वेगाने 500 ची बाटली पाच तास चालते.

नातेवाइकांना हा वेग मंद वाटतो, आणि का वाटतो तेही समजण्यासारखे आहे. गॅस्ट्रोने सुकलेले मूल भराभर सलाईन घेऊन तासा-दोन तासांत उठून बसल्याचे गावात प्रत्येकाने पाहिलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार जुलाबाने गंभीर सुकलेल्या, वर्षावरील वयाच्या मुलाला किलोमागे 100 मिलीलिटर द्रव तीन तासांत देतात. या 25 किलोच्या मुलीला गॅस्ट्रो समजले गेले, तर तीन तासांत तिच्या अंगात अडीच लिटर जातील. कीटोअ‍ॅसिडोसिसच्या हिशेबाने त्याच तीन तासांत जातील साधारण अर्धा लिटर. पाचपट फरक आहे हा. आणि चुकून साखरेचे सलाईन लागले तर रक्तातली साखर आणखी चढेल, ते वेगळेच.

गोंधळ टाळायला एक साधी खूण आहे. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते, कधी बंदच पडते. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये मूल सुकलेले असूनही भरपूर लघवी करत असते. "लघवी कधी झाली?" या प्रश्नाला आईने "सारखी होतेय" असे उत्तर दिले, की बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटर लावायलाच हवा. धाप लागलेल्या मुलाच्या छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल, किंवा अपेंडिक्स म्हणून ऑपरेशनसाठी पाठवलेल्या मुलाचा श्वास खोल चालत असेल, तरीही हीच तपासणी आधी.

आपल्या मुलीकडे परत येऊ. सलाईन सुरू होऊन किमान एक तास झाल्यावर इन्सुलिन. तेही एकदम टोचायचे नाही, थेंबाथेंबाने: किलोमागे तासाला 0.05 ते 0.1 युनिट, म्हणजे हिला जास्तीत जास्त तासाला अडीच युनिट. एक तास थांबायचे कारण, नुसत्या पाण्यानेही साखर उतरू लागते आणि त्यात लगेच इन्सुलिनची भर पडली तर ती कोसळते. लघवी होत असल्याची खात्री झाली की सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळायचे, कारण इन्सुलिन रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलते आणि ते फार घटले तर हृदयाचे ठोके बिघडतात. साखर 250 ते 300 च्या आसपास आली किंवा तासाला 90 पेक्षा जास्त वेगाने उतरू लागली, की सलाईनमध्ये ग्लुकोज घालायचे. घरच्यांना हे चक्रावून टाकते: साखरेच्या रुग्णाला साखर? पण आम्ल जिरेपर्यंत इन्सुलिन बंद करता येत नाही आणि ते चालू ठेवायचे तर साखर आणखी पडू द्यायची नाही, यासाठी दुसरा मार्ग नाही.

एक आकडा मात्र साखरेहून जास्त काही सांगतो, तो सोडियमचा. साखर उतरली की तिने रक्तात ओढून आणलेले पाणी पेशींत परतते आणि रक्तातले सोडियम वर चढते. ते तसे चढायलाच हवे. या मुलीची साखर पाच तासांत 540 वरून 270 वर आली, तर सोडियम 132 वरून साधारण 136 व्हायला हवे. सोडियमची दुप्पट अधिक साखरेचा अठरावा भाग, असा रक्ताच्या दाटपणाचा ढोबळ हिशेब करतात. सुरुवातीला तो 294 होता, आता 287. उतार सौम्य आहे. पण सोडियम चढण्याऐवजी 129 वर घसरले असेल, तर हाच आकडा 273 होतो. पाच तासांत 21 ने रक्त पातळ झाले. मिठाच्या मानाने पाणी जास्त जाते आहे, असा त्याचा अर्थ. डॉक्टर मग सलाईनचा वेग आणि त्यातले मीठ दोन्ही पुन्हा तपासतात.

कधी कधी हे जास्तीचे पाणी बाटलीतून आलेलेच नसते. तहानेने व्याकूळ झालेल्या मुलाने येण्याआधी तांब्याभर पाणी प्यायलेले असते आणि ते पोटातून हळूहळू रक्तात उतरत असते. किंवा आजीला राहवत नाही आणि ती उशाशी ठेवलेले नारळपाणी चमच्याने पाजते. मायेने दिलेले हे पाणी कागदावरच्या हिशेबात येत नाही. तोंडाने काही द्यायचे नाही असे डॉक्टर सांगतात त्यामागे हे एक कारण आहे, आणि नुसता हुकूम सोडण्यापेक्षा ते कारण आजीला समजावून सांगितले तर ती ते नक्की पाळते.

इतके सगळे जपूनही सूज येऊ शकते, कारण तिची काही मुळे आजारातच आहेत. म्हणून हिशेबाइतकीच नजर महत्त्वाची. तासातासाला मुलाला हाक मारून उठवायचे, नाव विचारायचे, हात दाबायला सांगायचे. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन 15 पैकी किती, ते ग्लासगो कोमा स्केलवर लिहायचे. 2004 मध्ये म्यूर व सहकाऱ्यांनी धोक्याच्या लक्षणांची जी प्रतवारी दिली, ती आजही वॉर्डात वापरतात. बोलणे असंबद्ध होणे किंवा शुद्ध कमीजास्त होणे, झोप किंवा सुधारलेले रक्ताभिसरण असे कारण नसताना नाडी मिनिटाला वीसहून जास्त ठोक्यांनी मंदावून तशीच राहणे, वयाला न शोभणारी अंथरुणातली लघवी, ही मोठी लक्षणे. डोकेदुखी, उलटी, सहज जागे न होणे, खालचा रक्तदाब 90 च्या वर जाणे ही छोटी लक्षणे. आणि वय पाचपेक्षा कमी असणे हाही या छोट्या गटातलाच निकष. दोन मोठी, किंवा एक मोठे आणि दोन छोटी जुळली, की उपचार लगेच सुरू करायचे. बाहुल्या असमान होणे, डोळे तिरळे होणे, हातपाय ताठरणे किंवा श्वासाची लय बिघडणे यांपैकी एकही पुरे. मात्र तोवर बराच उशीर झालेला असतो.

उपचार वॉर्डातल्या कपाटात मिळतो. शिरेतून मॅनिटॉल, किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटांत. या मुलीसाठी 20 टक्क्यांच्या मॅनिटॉलचे साधारण 60 ते 125 मिलीलिटर. मॅनिटॉल नसेल तर तीन टक्के मिठाचे सलाईन, किलोमागे अडीच ते पाच मिलीलिटर, म्हणजे जवळपास तेवढेच. दोन्ही द्रव मेंदूतले पाणी रक्तात ओढून घेतात. डोक्याची बाजू 30 अंश वर करायची, मान सरळ ठेवायची, चालू सलाईनचा वेग बेताचा करायचा, पण रक्तदाब पडू द्यायचा नाही. सीटी स्कॅन नंतर. सुजेच्या सुरुवातीला स्कॅन अगदी स्वच्छ असू शकतो आणि मुलाला लिफ्टने खाली नेऊन परत आणण्यात जो अर्धा तास जातो, तेवढ्यात मेंदू दाबला जाऊ शकतो. म्हणून जिथे कीटोअ‍ॅसिडोसिसचे मूल दाखल आहे, तिथे मात्रा वजनाप्रमाणे आधीच काढून मॅनिटॉल खाटेशेजारी ठेवावे, आणि तालुक्याच्या रुग्णालयातून मोठ्या शहरात पाठवताना ते रुग्णवाहिकेतही असावे.

पहाटे तीन वाजता मूल झोपेने गुंगले आहे की सुजेने, हे ओळखणे अनुभवी माणसालाही सोपे नाही. इथे आईवडिलांची मदत खरोखर होते. आपले लेकरू एरवी कसे उठते, हाकेला कसे उत्तर देते, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. "आमची मुलगी अशी बोलत नाही," एवढे आईने म्हटले तरी तपासणी पुन्हा करावी. डोके दुखतेय असे मुलाने सांगितले तर ते सकाळपर्यंत मनात ठेवू नये. आणि बाटली हळू चालली आहे म्हणून कुणी तिची कळ ढिली करू नये.

सर्वात मोठा फायदा मात्र या सगळ्याच्या आधी आहे. जेवढे आम्ल जास्त आणि मूल जेवढे सुकलेले, तेवढा सुजेचा धोका जास्त. आणि ते दोन्ही वाढते निदान उशिरा झाल्यामुळे. इटलीतल्या पार्मा प्रांतात 1991 पासून शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधी पोस्टर लावली: मूल फार पाणी पिते का, रात्री अंथरूण पुन्हा ओले करू लागले आहे का? त्याआधी नव्याने मधुमेह निघालेल्या मुलांपैकी 78 टक्के मुले कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जाऊनच रुग्णालयात येत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण 12.5 टक्क्यांवर आले.

भारतात टाइप 1 मधुमेह असलेली दोन लाखांहून अधिक मुले आणि किशोरवयीन आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडते. आपल्याकडच्या खुणाही आयांना ठाऊक आहेत: सुटलेली शय्यामूत्राची सवय पुन्हा लागते, वर्गातून मूल सारखे पाणी प्यायला उठते, खाऊनही वजन घटते, लघवीच्या जागी मुंग्या लागतात. यांतले काही दिसले तर त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात ग्लुकोमीटरवर मुलाची साखर तपासून घ्या. ती 200 च्या वर निघाली, तर उद्यावर न ढकलता मुलांच्या मधुमेहावर उपचार होतात त्या रुग्णालयात मुलाला न्या, आणि त्यासोबत उलट्या किंवा धाप असेल तर त्याच तासाला निघा.